विश्लेषण : जिममधील बीट पावडर आणि सिट्रुलीन… किती घ्यायचे, कधी घ्यायचे आणि डब्यात खरोखर किती असते?

व्यायामाआधी पाण्यात मिसळून प्यायच्या ‘प्री-वर्कआउट’ पावडरींच्या डब्यांवर आता कॅफीनच्या जोडीला दोन नावे हमखास दिसतात. एक सिट्रुलीन आणि दुसरे बीटरूट, म्हणजेच बीटमधील नायट्रेट. स्नायूंना जास्त रक्तपुरवठा, दोन-चार रेप्स जास्त आणि उशिरा येणारा थकवा, असे दावे त्यावर छापलेले असतात. या दोन्ही घटकांमागे संशोधन आहे, ही गोष्ट खरी. मात्र प्रयोगशाळेत ज्या मात्रेने आणि ज्या वेळी परिणाम दिसला, ती मात्रा आणि ती वेळ डब्यातील एका स्कूपशी अनेकदा जुळत नाही. हा फरक नेमका किती, आणि तो लेबलवरून कसा ओळखायचा?

या दोन घटकांची चर्चा कशामुळे?

दोन्ही पावडरींचे उद्दिष्ट एकच, शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढवणे. हा वायू रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात अत्यल्प प्रमाणात तयार होतो आणि वाहिनीभोवतीच्या स्नायूला सैल होण्याचा निरोप देतो. वाहिनी रुंदावली की रक्तप्रवाह वाढतो. रक्ताभिसरणातील या निरोप्याच्या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद या तिघांना १९९८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर व्यायामाच्या पूरक पदार्थांच्या बाजारानेही हे नाव उचलले.

सुरुवातीला बाजारात आले ते आर्जिनीन. शरीर याच अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करते, तेव्हा आर्जिनीन खाल्ले की काम झाले, असा तो हिशेब होता. पण तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनीनचा बराचसा भाग आतडे आणि यकृतच मोडून टाकतात आणि रक्तापर्यंत थोडाच पोहोचतो. मात्रा वाढवावी, तर पोट बिघडते. या अडचणीवर उपाय म्हणून सिट्रुलीन पुढे आले. बीटची वाट मात्र अगदी वेगळी आहे, तिचा आर्जिनीनशी संबंधच नाही.

सिट्रुलीन आणि बीट यांच्या वाटा वेगळ्या कशा?

सिट्रुलीन हेही अमिनो आम्लच आहे. ते प्रथम कलिंगडात सापडले आणि कलिंगडाच्या ‘सिट्रुलस’ या शास्त्रीय नावावरूनच त्याचे नाव पडले. यकृत त्याला जवळजवळ हात न लावता पुढे जाऊ देते. मूत्रपिंडे त्याचे आर्जिनीनमध्ये रूपांतर करून ते रक्तात सोडतात. म्हणजे आर्जिनीन वाढवण्यासाठी आर्जिनीन खाण्यापेक्षा सिट्रुलीन खाणे जास्त उपयोगी ठरते. रक्ततपासणीतून ही गोष्ट अनेकदा सिद्ध झाली आहे.

बीटमधील नायट्रेटची वाट तोंडातून जाते, तीही दोनदा. बीटचा रस प्यायला की नायट्रेट आतड्यातून रक्तात शोषले जाते. रक्तातील सुमारे पाव हिस्सा नायट्रेट लाळग्रंथी ओढून घेतात आणि ते लाळेतून पुन्हा तोंडात येते. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. लाळ गिळली की हे नायट्राइट पोटात आणि तिथून रक्तात जाते. स्नायू राबत असताना तिथे प्राणवायू कमी पडू लागला, की याच नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो.

या वळणावळणाच्या वाटेचे दोन परिणाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला म्हणजे बीटला वेळ लागतो. दुसरा म्हणजे तोंडातील जिवाणू मारले तर ही वाट बंद पडते. जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरल्यानंतर नायट्रेट घेतले, तर रक्तातील नायट्राइट फारसे वाढत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. पावडर कॅप्सूलमधून गिळली तरी हेच लागू होते, कारण लाळेचा टप्पा नंतर यायचाच असतो. साध्या पाण्याने चूळ भरण्यास हरकत नाही, पण सकाळी माउथवॉश वापरून संध्याकाळी बीट पावडर घेणारा आपलेच पैसे वाया घालवत असतो.

सिट्रुलीनची परिणामकारक मात्रा किती?

जिममधील सिट्रुलीनच्या लोकप्रियतेचे मूळ २०१० सालच्या एका स्पॅनिश अभ्यासात आहे. त्यात ४१ पुरुषांना छातीच्या व्यायामाआधी ८ ग्रॅम सिट्रुलीन मॅलेट देण्यात आले. बेंचप्रेसच्या शेवटच्या सेटमध्ये त्यांच्या रेप्स सुमारे ५३ टक्क्यांनी वाढल्या आणि पुढचे दोन दिवस अंगदुखीही कमी राहिली. हाच ५३ टक्क्यांचा आकडा जाहिरातींत फिरत राहिला. तो एका व्यायामाच्या एका सेटचा होता, हा तपशील मात्र गळून पडला.

नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक पुन्हा दिसला नाही. २०२१ साली आठ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा व्यायामाआधी ४० ते ६० मिनिटे घेतलेल्या ६ ते ८ ग्रॅम सिट्रुलीन मॅलेटमुळे सरासरी तीन रेप्स वाढल्याचे आढळले, म्हणजे सुमारे सहा टक्के. ही वाढ एका सेटमधील नसून सगळ्या सेट मिळून होती. जो सगळे सेट धरून ५० रेप्स करतो, तो ५३ करील, असा त्याचा ढोबळ अर्थ. परिणाम आहे, पण लहान आहे.

मात्रेबाबत इथे एक मेख आहे. ‘सिट्रुलीन’ आणि ‘सिट्रुलीन मॅलेट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅलेट म्हणजे मॅलिक आम्ल, सफरचंदाला आंबटपणा देणारे. लेबलवर ‘२:१’ लिहिलेले असेल, तर ८ ग्रॅम सिट्रुलीन मॅलेटमध्ये प्रत्यक्ष सिट्रुलीन साधारण साडेपाच ग्रॅम असते आणि उरलेले मॅलिक आम्ल. मॅलेटचा स्वतंत्र फायदा आहे, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. म्हणून नुसते ‘एल-सिट्रुलीन’ घेणाऱ्याला साधारण सहा ग्रॅम पुरतात, तर मॅलेट घेणाऱ्याला आठ लागतात.

त्यातही लेबलवरचे २:१ खरेच असेल, याची खात्री देता येत नाही. २०१८ साली ब्रिटिश संशोधकांनी आपल्या प्रयोगात वापरलेली २:१ लिहिलेली पावडर तपासली, तेव्हा प्रमाण जवळपास १:१ निघाले. अशा पावडरीच्या ८ ग्रॅममध्ये सिट्रुलीन साडेचार ग्रॅमच्या आसपासच उरते. त्या प्रयोगात पायाच्या व्यायामाच्या प्रत्येकी दहा रेप्सच्या दहा सेटमध्ये कोणताही फायदा दिसला नाही. यामागे केवळ मात्रेतील तूट होती, असे म्हणता येणार नाही. पण संशोधकांच्या हाती आलेली पावडर अशी असेल, तर ग्राहकाने अधिक सावध राहायला हवे.

बीटचे नायट्रेट किती लागते?

बीटच्या बाबतीत मोजायचे ते बीट नव्हे, नायट्रेट. ही गोष्ट ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठातील अँड्र्यू जोन्स यांच्या गटाने एका साध्या युक्तीने दाखवून दिली. त्यांनी बीटच्या रसातून फक्त नायट्रेट काढून टाकले. रंग तोच, चव तीच, पण खेळाडूंना त्याचा उपयोग झाला नाही. नायट्रेट असलेल्या रसाने मात्र २०११ सालच्या चाचणीत क्लब पातळीच्या नऊ सायकलपटूंनी चार आणि सोळा किलोमीटरचे अंतर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास कमी वेळात कापले. हा रस त्यांना अडीच तास आधी देण्यात आला होता.

किती द्यायचे, याचे उत्तर याच विद्यापीठातील २०१३ सालच्या अभ्यासात मिळते. दहा तरुणांना बीटच्या आटवलेल्या रसाच्या तीन मात्रा वेगवेगळ्या वेळी दिल्या गेल्या. त्यांतून अनुक्रमे सुमारे २६०, ५२० आणि १०४० मिलिग्रॅम नायट्रेट मिळत होते. सर्वात लहान मात्रेने जोरदार व्यायामात टिकून राहण्याचा वेळ फारसा वाढला नाही. मधल्या मात्रेने तो १४ टक्के वाढला. सर्वात मोठ्या मात्रेने १२ टक्के, म्हणजे मात्रा दुप्पट करूनही फायदा पुढे सरकला नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने पूरक पदार्थांवर २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनातही ३१० ते ५६० मिलिग्रॅम नायट्रेट, स्पर्धेच्या दोन ते तीन तास आधी, अशीच शिफारस आहे. म्हणून ३०० मिलिग्रॅमच्या खाली अपेक्षा ठेवू नये आणि सहाशेच्या वर जाण्यात अर्थ नाही, एवढे सूत्र पुरेसे आहे.

परदेशी लेबलांवर किंवा लेखांत नायट्रेट ‘मिलिमोल’मध्ये दिलेले असते. एक मिलिमोल म्हणजे ६२ मिलिग्रॅम. ‘पाच मिलिमोल’ असे वाचले, तर ते ३१० मिलिग्रॅम.

दोघांची वेळ एकच का नाही?

सिट्रुलीन घेतल्यावर साधारण तासाभरात रक्तातील त्याचे प्रमाण शिगेला पोहोचते आणि पाठोपाठ आर्जिनीन वाढते. म्हणून ते व्यायामाआधी पाऊण ते एक तास घ्यायचे. नायट्रेटला आतडे, रक्त, लाळ, जिभेवरचे जिवाणू आणि पुन्हा पोट असा प्रवास करायचा असतो. त्यामुळे रक्तातील नायट्राइट दोन ते तीन तासांनी शिगेला जाते.

इथेच एकत्रित पावडरींची गोची होते. ज्या डब्यात सिट्रुलीन, बीट आणि कॅफीन तिन्ही असतात, त्यावर ‘व्यायामाआधी २० ते ३० मिनिटे’ असे लिहिलेले असते. ही वेळ कॅफीनच्या तरतरीला जुळते. सिट्रुलीनसाठी ती थोडी उशिराची आहे. बीटसाठी तर ती इतकी उशिराची आहे की नायट्राइट शिगेला पोहोचेपर्यंत व्यायाम संपून माणूस घरी जेवायला बसलेला असतो. एका स्कूपला दोन घड्याळे पाळता येत नाहीत.

पहाटे जिमला जाणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. सहाच्या व्यायामासाठी बीटचा रस पहाटे साडेतीनला प्यायला हवा. रात्री झोपताना घेऊन भागत नाही, कारण रक्तातील नायट्रेट पाच-सहा तासांत निम्म्यावर येते. तीन किंवा अधिक दिवस रोज नायट्रेट घेण्याचेही प्रयोग आहेत, पण त्यांतही शेवटची मात्रा बहुधा व्यायामाच्या दोन-अडीच तास आधीच दिलेली असते. त्यामुळे पहाटेच्या व्यायामासाठी बीट पावडरीचा नाद सोडून द्यावा हे बरे. सिट्रुलीन पाच वाजता घेता येते.

डब्यावरचे लेबल कसे वाचावे?

एक उदाहरण प्रत्यक्ष मांडून पाहू. समजा, ७० किलो वजनाचा एक तरुण संध्याकाळी सात वाजता व्यायाम सुरू करतो. त्याच्याकडे ३०० ग्रॅमचा डबा आहे. त्यात दहा ग्रॅमचे तीस स्कूप. एका स्कूपमध्ये सिट्रुलीन मॅलेट (२:१) तीन ग्रॅम, बीटरूट पावडर एक ग्रॅम आणि कॅफीन २०० मिलिग्रॅम, असे लेबल सांगते. उरलेले वजन इतर घटक, चव आणि रंगाचे.

आधी सिट्रुलीन पाहू. तीन ग्रॅम मॅलेटमध्ये प्रत्यक्ष सिट्रुलीन दोन ग्रॅमच्या जरा वर. संशोधनातील ८ ग्रॅम मॅलेटच्या मात्रेला पोहोचायला पावणेतीन स्कूप लागतील. पण पावणेतीन स्कूप म्हणजे साडेपाचशे मिलिग्रॅम कॅफीन एका दमात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानते. म्हणजे या डब्यातून सिट्रुलीनची पूर्ण मात्रा घेणे हाच धोका आहे. छातीत धडधड, हाताला कंप आणि रात्रभर जाग ही त्याची पहिली लक्षणे.

आता बीट. साधारणपणे १०० ग्रॅम कच्च्या बीटात १०० ते २५० मिलिग्रॅम नायट्रेट असते. बीटात पाणी सुमारे ८७ टक्के. ते उडवून केलेल्या साध्या पावडरीच्या एका ग्रॅमात त्यामुळे दहा ते वीस मिलिग्रॅम नायट्रेट उतरते. या स्कूपमधील एक ग्रॅम पावडरीतून वीस मिलिग्रॅम मिळाले असे उदारपणे धरले, तरी ३१० मिलिग्रॅमसाठी पंधराहून अधिक स्कूप लागतील. अर्धा डबा एका संध्याकाळी संपेल. म्हणजे या डब्यावरील ‘बीटरूट’ हा शब्द केवळ लेबलची शोभा आहे.

या तरुणाला दोन्ही घटक अजमावायचेच असतील, तर ते सुटे घ्यावे लागतील. ज्यावर नायट्रेटचे मिलिग्रॅम स्पष्ट छापलेले आहेत असा आटवलेला रस किंवा पावडर, ४०० ते ५०० मिलिग्रॅम मिळतील इतकी, साडेचार वाजता. नुसते एल-सिट्रुलीन सहा ग्रॅम, सहा वाजता. आणि त्या दिवशी जंतुनाशक माउथवॉश नाही. दोन्ही एकत्र घेतल्याने फायद्यांची बेरीज होतेच, असे अजून सिद्ध झालेले नाही. त्यामुळे एका वेळी एकच वापरून पाहणे शहाणपणाचे.

खरेदीपूर्वी लेबलवर तीन गोष्टी शोधाव्यात. सिट्रुलीनचे ग्रॅम स्वतंत्र दिले आहेत का? मॅलेट असेल तर प्रमाण लिहिले आहे का? आणि बीटच्या वजनाऐवजी नायट्रेटचे मिलिग्रॅम दिले आहेत का? अनेक घटकांचे मिळून एकच वजन ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या नावाखाली दिलेले असेल, तर मात्रा कळण्याचा मार्गच उरत नाही. ‘एफएसएसएआय’चा चौदा अंकी परवाना क्रमांक असायलाच हवा. पण तो उत्पादकाला अन्नव्यवसायाची परवानगी असल्याचे सांगतो, स्कूपमध्ये किती नायट्रेट आहे हे सांगत नाही.

किंमतही स्कूपने मोजू नये. डब्याच्या किमतीला त्यातून निघणाऱ्या पूर्ण मात्रांनी भागावे. तीन स्कूप मिळून एक मात्रा होत असेल, तर तीस स्कूपचा डबा महिनाभराचा नसून दहा दिवसांचा असतो.

गडद लाल रंग म्हणजे जास्त नायट्रेट का?

नाही. बीटचा लाल रंग वेगळ्या रंगद्रव्याचा आहे आणि नायट्रेटला रंगच नसतो. पावडर गडद लाल आहे, किंवा ती घेतल्यावर लघवी गुलाबी झाली, यावरून नायट्रेट मिळाले असे ठरत नाही. लघवीचा तो रंग निरुपद्रवी असतो. रस पिणाऱ्याने तो पाहून घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये.

प्रत्यक्षात किती फरक असतो, हे २०१९ साली अमेरिकेतील संशोधकांनी खेळाडूंसाठी विकले जाणारे बीटचे २४ रस आणि पावडरी तपासून दाखवले. सर्वात कमी आणि सर्वात जास्त नायट्रेट असलेल्या उत्पादनांत सुमारे पन्नास पटींचा फरक होता. एकाच उत्पादनाच्या दोन नमुन्यांतही तफावत होती. दर वेळी किमान ३१० मिलिग्रॅम देणारी उत्पादने निघाली अवघी पाच. बीट कोणत्या जमिनीत वाढले, नत्रखत किती मिळाले, काढणीनंतर किती दिवस राहिले आणि प्रक्रिया कशी झाली, यावर नायट्रेट अवलंबून असते. म्हणून ज्याने प्रत्येक बॅच तपासली नाही, त्या उत्पादकालाही आपल्या डब्यात किती नायट्रेट आहे हे सांगता येणार नाही.

घरचा बीटचा रस हा पर्याय आहेच. ३०० ते ४०० ग्रॅम बीटाच्या ताज्या रसातून ही मात्रा मिळू शकते, पण नेमकी किती मिळाली हे कळत नाही. बीट उकडून पाणी फेकले, तर नायट्रेटचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. कच्चा रस काढल्यावर लगेच प्यावा, फार तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा. उन्हाळ्यात तो ओट्यावर तासन् तास राहिला, तर त्यातील जिवाणू बाटलीतच नायट्रेटचे नायट्राइट करू लागतात आणि ते जास्त झाल्यास घातक असते. कलिंगड खाऊन सिट्रुलीनची मात्रा गाठणे मात्र कठीण. किलोभर गरातून साधारण एक ते तीन ग्रॅम सिट्रुलीन मिळते.

फायदा कोणाला होतो आणि तो जाणवतो का?

नायट्रेटचा पुरावा सर्वात भक्कम आहे तो काही मिनिटांपासून साधारण पाऊण तासापर्यंत चालणाऱ्या जोरदार श्रमासाठी, म्हणजे धावणे, सायकल, रोइंग, किंवा फुटबॉल-हॉकीसारखे थांबून-थांबून पळण्याचे खेळ. वजन उचलण्याच्या व्यायामातही रेप्स वाढल्याचे काही अभ्यास आहेत, पण ते थोडे आणि लहान आहेत. सिट्रुलीनचे उलट आहे. त्याचा पुरावा मुख्यतः थकेपर्यंत केलेल्या अनेक रेप्सचा आहे. एकदाच कमाल वजन उचलण्यासाठी त्याचा भरवसा धरता येत नाही.

टक्केवारी वाचतानाही सावध असावे. ‘टिकून राहण्याचा वेळ १४ टक्के वाढला’ म्हणजे धावण्याचा वेळ १४ टक्क्यांनी सुधारत नाही. ठरावीक वेगाने थकेपर्यंत सायकल चालवायला सांगितली, तर थोडा फायदाही मोठा दिसतो. ठरावीक अंतराच्या शर्यतीत तोच फायदा एक ते तीन टक्क्यांवर येतो. शिवाय ज्यांचा दम आधीच असामान्य आहे, अशा अव्वल धावपटूंना आणि सायकलपटूंना तो बहुधा आणखी कमी मिळतो किंवा मिळतच नाही. अभ्यासांतील सहभागी बहुतांशी तरुण पुरुष असल्याने स्त्रियांबाबतचा पुरावा तोकडा आहे.

जिममध्ये ‘पंप’ आला, म्हणजे स्नायू फुगल्यासारखे वाटले, की पावडर लागू पडली असे मानले जाते. पण पंप कोणत्याही भरपूर रेप्सच्या व्यायामाने येतो आणि डब्यातील कॅफीनने तरतरीही येते. खरी परीक्षा वहीत होते. एकच व्यायाम, एकच वजन, सेटमधील विश्रांती घड्याळ लावून सारखी, आणि चार आठवडे एकाआड एक सत्रात पावडर. दोन्ही प्रकारच्या दिवसांच्या एकूण रेप्सची सरासरी काढावी. झोप, जेवण आणि उन्हाळा यांनीच रोज दोन-तीन रेप्स इकडे-तिकडे होतात. त्यामुळे एका दिवसाच्या अनुभवावरून तीन रेप्सचा फायदा ओळखणे शक्य नसते. चार आठवड्यांनंतरही सरासरीत फरक नसेल, तर डबा पुन्हा घेण्याचे कारण उरत नाही.

धोका कोणाला?

निरोगी व्यक्तीत या मात्रा सहसा त्रास देत नाहीत. काहींना सिट्रुलीनने पोटात अस्वस्थ वाटते आणि बीटच्या आटवलेल्या रसाने मळमळते. दोन्ही घटक जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत नाहीत. तरीही स्पर्धेत उतरणाऱ्याने डबा जपून निवडायला हवा, कारण प्री-वर्कआउट मिश्रणात भेसळीने आलेल्या उत्तेजकाची जबाबदारीही खेळाडूवरच येते.

खरा इशारा आहे तो औषधे घेणाऱ्यांना. दोन्ही घटक रक्तवाहिन्या सैल करतात आणि रक्तदाब थोडा उतरवतात. रक्तदाबाची गोळी, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी किंवा सिल्डेनाफिलच्या वर्गातील औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या पावडरी घेऊ नयेत. रक्तदाब एकदम घसरून चक्कर येऊ शकते आणि हातात वजन असताना आलेली चक्कर महागात पडते. पंचेचाळिशीनंतर जिम सुरू करणाऱ्यांपैकी अनेकजण अशी गोळी घेत असतात आणि ट्रेनरला ते ठाऊक नसते. बीटात ऑक्झलेट भरपूर असते, म्हणून मुतखड्याचा इतिहास असलेल्यांनी रोज बीट पावडर घेणे टाळावे. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर सिट्रुलीनबाबतही आधी वैद्यकीय सल्ला हवा, कारण त्याचे रूपांतर तिथेच होते.

नायट्रेटच्या रोजच्या सेवनाची मान्य मर्यादा दर किलो वजनामागे ३.७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ७० किलोच्या माणसाला सुमारे २६० मिलिग्रॅम. व्यायामाची मात्रा या मर्यादेच्या वर जाते. पालेभाज्या भरपूर खाणाराही ती सहज ओलांडतो आणि भाज्यांमधील नायट्रेटने अपाय झाल्याचे दिसलेले नाही. पण वर्षानुवर्षे रोज आटवलेले नायट्रेट घेण्याचा अभ्यास झालेला नाही. म्हणून ते शर्यतीच्या किंवा कठीण सत्राच्या दिवसापुरते ठेवणे योग्य.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. स्वस्त पडते म्हणून रसायनांच्या दुकानातून नायट्रेटचे क्षार आणून पाण्यात मिसळणे. सोडियम नायट्रेट आणि सोडियम नायट्राइट ही नावे एका अक्षराच्या अंतरावर आहेत आणि दोन्ही दिसतात पांढऱ्या मिठासारखीच. नायट्राइटचे काही ग्रॅम रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता संपवून जीव घेऊ शकतात. ओठ निळसर पडणे, दम लागणे, चक्कर येणे ही त्याची लक्षणे. ती दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि काय घेतले होते ते डॉक्टरांना नावासह सांगावे.